हल्ला नेमका कधी कळला? : एचएसईवरील रॅन्समवेअर हल्ला आणि व्यवस्थापनासाठीचा अहवाल

आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा कारभार हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह, अर्थात एचएसई, ही संस्था पाहते. १४ मे २०२१ च्या पहाटे या संस्थेच्या संगणकांवर कोन्ती नावाचे रॅन्समवेअर, म्हणजे फायली एन्क्रिप्ट अर्थात कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, चालवण्यात आले आणि ५४ मोठी रुग्णालये, चार हजारांहून अधिक ठिकाणे व सत्तर हजारांहून अधिक संगणकीय उपकरणे जोडणारी यंत्रणा एका सकाळीत बंद पडली. पुढे एचएसईच्या संचालक मंडळाने पीडब्ल्यूसी या संस्थेकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली आणि तिचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये जनतेसाठी खुला केला. हल्ला सोसलेल्या संस्थेने इतका तपशील उघडपणे मांडल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यामुळे व्यवस्थापनाला द्यायचा अहवाल कसा लिहावा याच्या अभ्यासासाठी हे प्रकरण विशेष उपयोगी आहे. प्रस्तुत लेखात चौकशीत प्रसिद्ध झालेल्या घटनाक्रमाचा आधार घेऊन हल्ला कळण्याची वेळ, बाधित यंत्रणा आणि आळा घालण्यासाठी उचललेली पावले हे अहवालाचे तीन भाग कसे लिहिले जावेत याचा विचार केला आहे. अहवालातील मजकुराचे जे नमुने पुढे दिले आहेत ते प्रस्तुत लेखकाचे आहेत; मूळ चौकशी अहवालातील अवतरणे नव्हेत.

कळण्याची वेळ

बहुतेक कार्यालयांतील अहवालाच्या नमुन्यात ‘हल्ला कळल्याचा दिनांक व वेळ’ असा एकच रकाना असतो. एचएसईच्या प्रकरणात तो रकाना भरू पाहिले की अडचण लगेच लक्षात येते. १४ मेची पहाट लिहिली तर ते खोटे ठरत नाही, कारण फायली उघडत नसल्याचे त्याच दिवशी सर्वांना कळले. परंतु त्या एका नोंदीमागे सुमारे आठ आठवड्यांचा इतिहास झाकला जातो.

घटनाक्रम असा आहे. १६ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर फसवा ईमेल आला आणि १८ मार्चला त्याला जोडलेली एक्सेल फाइल उघडली गेली. हल्लेखोराचा प्रवेश येथे झाला. ३१ मार्चला त्याच संगणकावरील अँटिव्हायरसने कोबाल्ट स्ट्राइक आणि मिमिकॅट्झ ही दोन साधने चालत असल्याचे ओळखले. पहिल्या साधनाने हल्लेखोर दूरून संगणकाचा ताबा ठेवतो, तर दुसऱ्याने संगणकाच्या स्मृतीत असलेले पासवर्ड काढून घेतो. ही दोन्ही एकत्र दिसणे म्हणजे आत माणूस शिरला आहे, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र ते अँटिव्हायरस केवळ पाहणी करण्याच्या स्थितीत ठेवलेले होते. त्याने नोंद केली, पण अडवले काहीच नाही.

७ मेला हल्लेखोर प्रथमच एचएसईच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला आणि पुढील काही दिवसांत अनेक रुग्णालयांच्या यंत्रणांत शिरला. १० मेला एका रुग्णालयाला आपल्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सर्व वापरकर्त्यांची ओळख तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरवर, संशयास्पद हालचाल दिसली. १२ मेला आणखी एका रुग्णालयाने एचएसईला इशारा दिला. त्यानंतरच्या तपासात एचएसईच्या बाजूने उलटाच निष्कर्ष निघाला, तो असा की संशयास्पद हालचाल त्या रुग्णालयातूनच सुरू झाली असावी. १३ मेला सुरक्षा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने ईमेल पाठवून कळवले की ७ मेपासून किमान १६ यंत्रणांवरील धोक्याच्या सूचना तशाच पडून आहेत. त्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची विनंती संबंधित चमूला करण्यात आली. दुसऱ्या दिवशी पहाटे रॅन्समवेअर चालले.

या क्रमातील कोणती तारीख ‘कळल्याची’ मानायची? अहवाल लिहिणाऱ्याने येथे निवड करण्याच्या भानगडीत पडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एका रकान्याऐवजी चार वेळा द्याव्यात : हल्लेखोराचा प्रवेश, यंत्राने केलेली पहिली नोंद, माणसाने वाचलेली पहिली सूचना आणि हा हल्लाच आहे असे मानून केलेली पहिली कृती. एचएसईच्या बाबतीत प्रवेश आणि यंत्राची नोंद यांत तेरा दिवसांचे अंतर आहे. यंत्राची ती नोंद झाल्यापासून रॅन्समवेअर चालेपर्यंत ४४ दिवस गेले. या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. पहिले अंतर कमी करायचे तर अधिक चांगले शोधसाधन लागेल. दुसरे अंतर मात्र नवे साधन विकत घेऊन कमी होणार नाही, कारण साधनाने आपले काम केलेले होते. तेथे सूचना वाचणारा आणि तिच्यावर निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस हवा होता. चौकशीत एचएसईकडे सायबर सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारा एकच वरिष्ठ अधिकारी नसल्याचे नमूद झाले, त्याचा संबंध थेट या दुसऱ्या अंतराशी लागतो. ‘कळले : १४ मे’ एवढेच वाचणाऱ्या व्यवस्थापनाने पुढच्या अंदाजपत्रकात शोधसाधनासाठीच पैसे मंजूर केले, तर त्याला दोष देता येणार नाही.

अर्थात १४ मेच्या सकाळी यातील १८ मार्च ही तारीख कोणालाच ठाऊक नसते. पहिला अहवाल काही तासांत द्यावा लागतो आणि प्रवेशाचा शोध लागायला आठवडे जातात. म्हणून प्रत्येक वेळेपुढे ती कशावरून ठरवली आणि किती खात्रीची आहे, हे लिहिणे आवश्यक ठरते. पहिल्या दिवसाच्या मसुद्यात मजकूर साधारण असा असावा :

‘१४ मे रोजी पहाटे रुग्णालयांकडून आलेल्या दूरध्वनींवरून फायली एन्क्रिप्ट होत असल्याचे समजले. तत्पूर्वी १२ व १३ मे रोजी संशयास्पद हालचालींच्या सूचना आपल्याला मिळालेल्या होत्या. त्यांचा या हल्ल्याशी संबंध तपासला जात आहे. हल्लेखोराच्या प्रवेशाची तारीख अद्याप ठरलेली नाही.’

यातील दुसरे वाक्य लिहायला हात अडखळतो, हे उघड आहे. आधी सूचना मिळाली होती असे लिहिले की प्रश्न विचारले जाणार. परंतु ते वाक्य पहिल्या मसुद्यात नसेल आणि महिन्याभराने बाहेरच्या तपासनीसाच्या अहवालात आले, तर व्यवस्थापन आपल्याच विभागाच्या उरलेल्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

प्रवेशाची तारीख शोधता येईल की नाही हे लॉग, म्हणजे यंत्रणांनी आपोआप केलेल्या नोंदी, किती दिवस राखले जातात यावर अवलंबून असते. समजा, एखाद्या संस्थेत लॉग तीस दिवसच ठेवले जात असतील, तर १४ मेला तिच्या हाती १४ एप्रिलनंतरच्याच नोंदी उरतील. १८ मार्चचा प्रवेश आणि ३१ मार्चची सूचना या दोन्ही गोष्टी अशा अहवालातून नाहीशा होतील आणि ७ मे हीच प्रवेशाची तारीख आहे असा समज होईल. अशा वेळी ‘प्रवेश ७ मे रोजी झाला’ असे न लिहिता ‘उपलब्ध नोंदी १४ एप्रिलपासूनच्या आहेत; त्यांत सर्वांत जुनी खूण ७ मेची आहे; प्रवेश त्याआधीचा असू शकतो’ असे लिहावे. यावर पुढचे बरेच काही ठरते. बॅकअप कोणत्या तारखेचा परत आणायचा, हे हल्लेखोर तोपर्यंत आत आलेला होता की नव्हता यावरच ठरवले जाते.

भारतातील वाचकांसाठी येथे एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून, किंवा ती कोणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांच्या आत कळवावी लागते. लॉग १८० दिवस राखण्याची आणि संगणकांची घड्याळे ठरवून दिलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवण्याची अटही त्याच निर्देशांत आहे. ‘कोणी लक्षात आणून दिल्यापासून’ या शब्दांकडे अहवाल लिहिणाऱ्याने नीट पाहावे. एचएसईला १३ मेला पुरवठादाराकडून आला तसा ईमेल भारतातील एखाद्या संस्थेला आला, तर सहा तासांची गणना त्या ईमेलपासून सुरू झाली असे म्हणण्यास वाव राहतो. अहवालातील चार वेळांपैकी कोणती वेळ सर्ट-इनला कळवली आणि का, हे म्हणूनच एका वाक्यात अहवालातच नोंदवावे आणि त्यावर विधी विभागाचे मत घेतलेले असावे.

घड्याळांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण क्रम बिघडवतो तोच. कार्यालयातील सर्व्हरची नोंद भारतीय वेळेत असते, क्लाउड सेवेचे लॉग बहुधा जागतिक प्रमाण वेळेत असतात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचे अंतर असते. क्लाउडच्या लॉगमध्ये १३ तारखेला १८:५० वाजता झालेले लॉगिन आपल्या वेळेनुसार १४ तारखेला मध्यरात्रीनंतर ००:२० ला झालेले असते. हे रूपांतर केले नाही तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. विंडोज सर्व्हरचे घड्याळ कोणाशी जुळलेले आहे हे पुढील आज्ञेने कळते :

```
w32tm /query /status
```

ज्या सर्व्हरच्या नोंदी अहवालात वापरल्या त्यांचे घड्याळ अशा रीतीने तपासले होते का आणि फरक आढळल्यास तो किती होता, हे तक्त्याखाली नोंदवले म्हणजे पुरते.

बाधित यंत्रणा

दुसऱ्या भागात आकडा हवा असतो. व्यवस्थापन विचारते, ‘किती सर्व्हर गेले?’ एचएसईमध्ये पहिल्या दिवसांत या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे शक्य नव्हते, आणि त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे संस्थेकडे आपल्या सर्व यंत्रणांची व अनुप्रयोगांची एकत्रित, अद्ययावत यादीच नव्हती. ती संकटाच्या काळात माणसांना विचारून तयार करावी लागली. दुसरे असे की हल्ला समजताच एचएसईने खबरदारी म्हणून आपल्या सर्व संगणकीय यंत्रणा बंद केल्या. त्यामुळे बंद असलेली प्रत्येक यंत्रणा रुग्णालयातील परिचारिकेच्या दृष्टीने ‘बाधित’च होती, मग तिच्यावर रॅन्समवेअर पोहोचलेले असो वा नसो.

येथे एकच ‘बाधित’ हा शब्द वापरला तर अहवाल एकतर अतिरंजित होतो किंवा धोका कमी दाखवतो. एन्क्रिप्ट झालेल्या, हल्लेखोर शिरला पण एन्क्रिप्ट न झालेल्या, आणि केवळ खबरदारीने बंद केलेल्या अशा तीन प्रकारच्या यंत्रणा वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात. यांपैकी मधला प्रकार सर्वांत फसवा असतो. तेथील फायली उघडतात, सर्व्हर चालतो, वापरकर्त्याची तक्रार नसते आणि म्हणून तो ‘सुरक्षित’ यादीत जातो. वास्तविक त्या सर्व्हरवर हल्लेखोराने मागे ठेवलेला प्रवेशमार्ग असू शकतो. डोमेन कंट्रोलर या प्रकारात असेल, तर त्याच्यावर विसंबून असलेल्या प्रत्येक यंत्रणेच्या पासवर्डवरचा विश्वास संपतो. आणि तो एन्क्रिप्ट झालेला नाही ही बातमी दिलासा देणारी राहत नाही.

तपासणी न झालेल्या यंत्रणांसाठी चौथा रकाना ठेवावा आणि तो रिकामा दिसावा म्हणून त्यातील आकडे इतरत्र सरकवू नयेत. पहिल्या आठवड्यात सर्वांत मोठा आकडा याच रकान्यात असणे स्वाभाविक आहे. ‘एकूण अमुक सर्व्हरपैकी इतक्यांची तपासणी पूर्ण, त्यांपैकी इतके एन्क्रिप्ट’ असे लिहिले की पुढच्या अहवालात एन्क्रिप्ट झालेल्यांचा आकडा वाढला तरी हल्ला पसरत असल्याची घबराट होत नाही. तपासणी पुढे सरकली एवढाच त्याचा अर्थ लागतो.

शिवाय व्यवस्थापनाला सर्व्हरच्या नावांतून काही बोध होत नाही, म्हणून यंत्रणेशेजारी थांबलेले काम लिहावे. एचएसईच्या प्रकरणात ईमेल बंद पडला, क्ष-किरण व अन्य प्रतिमा पाहण्याची राष्ट्रीय यंत्रणा मिळेनाशी झाली, आणि डब्लिनच्या रोटुंडा या प्रसूती रुग्णालयाने ३६ आठवड्यांपुढील गर्भवती महिला वगळता बाह्यरुग्णांच्या बहुतेक भेटी रद्द केल्या. त्याच वेळी कोविड लसीकरण चालू राहिले. काय चालू आहे हेही अहवालात यावे लागते, कारण मर्यादित माणसे कोठे वळवायची हा निर्णय त्यावरून होतो.

चोरीला गेलेली माहिती ही तर स्वतंत्रच बाब आहे. कोन्तीची टोळी फायली कुलूपबंद करण्यापूर्वी त्यांच्या प्रती बाहेर नेत असे आणि त्या उघड करण्याची धमकी देत असे. सर्व्हर परत सुरू झाला म्हणून त्यावरून गेलेली माहिती परत येत नाही. एचएसईने माहिती चोरीला गेलेल्या व्यक्तींना पत्रे पाठवण्यास २०२२ च्या अखेरीस सुरुवात केली, तोपर्यंत यंत्रणा पूर्ववत होऊन वर्ष उलटले होते. ‘पूर्ववत’ आणि ‘माहितीचा प्रश्न मिटला’ हे दोन रकाने एकत्र करू नयेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

आळा घालण्याची पावले

अहवालाचा हा भाग सहसा कामांच्या यादीसारखा लिहिला जातो : सर्व्हर बंद केले, पासवर्ड बदलले, अँटिव्हायरस चालवले. अशा यादीवरून हल्ला थांबला की नाही, हे ठरवता येत नाही. प्रत्येक पावलापुढे ते कोणी, केव्हा ठरवले, त्याने हल्लेखोराचा कोणता मार्ग बंद झाला, संस्थेला त्याची काय किंमत मोजावी लागली आणि ते लागू पडल्याची खात्री कशी केली, हे आले पाहिजे.

एचएसईतील दोन पावले शेजारी ठेवली की हा फरक ठळक होतो. १३ मेला सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची केलेली विनंती हे कागदावर एक पाऊल दिसते. परंतु हल्लेखोराच्या हाती चालू पासवर्ड असताना आणि त्याने आपली साधने पुन्हा आपोआप सुरू होतील अशी व्यवस्था करून ठेवलेली असताना, सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने त्याचा कोणताच मार्ग बंद होत नाही. उलट संगणकाच्या स्मृतीतील पुरावा त्यामुळे पुसला जातो. असे पाऊल अहवालात लपवू नये, मात्र त्यापुढे ‘बंद झालेला मार्ग : कोणताही नाही’ असे लिहिणे भाग आहे.

१४ मेच्या पहाटे घेतलेला निर्णय याच्या नेमका उलट होता. एचएसईने सर्व यंत्रणा बंद केल्या आणि राष्ट्रीय आरोग्य जाळे इंटरनेटपासून तोडले. हल्लेखोराचा दूरचा ताबा त्यामुळे एका झटक्यात सुटला. किंमतही तेवढीच मोठी होती : ज्या रुग्णालयांच्या यंत्रणा शाबूत होत्या त्यांनाही सामायिक सेवा मिळेनात, कर्मचारी कागद-पेनावर आले, आणि ईमेल गेल्यामुळे संकट हाताळणाऱ्या लोकांना परस्परांशी बोलण्यासाठीही वेगळी सोय पाहावी लागली. तो निर्णय योग्य होता असे प्रस्तुत लेखकाला वाटते, परंतु अहवालात तसा शेरा मारण्यापेक्षा त्या क्षणी काय माहीत होते हे लिहावे. कोठपर्यंत पसरले आहे याचा अंदाज नव्हता, एकेक भाग वेगळा करण्यासाठी लागणारी यादी नव्हती, आणि म्हणून सरसकट तोडणे हा एकच खात्रीचा पर्याय उरला होता, असे कारण नोंदले गेले तर पुढच्या वेळी सगळे न तोडता भागण्यासाठी काय तयार ठेवावे हे व्यवस्थापनाला त्यातूनच कळते. तुलनेसाठी एक गोष्ट चौकशीत आलेली आहे : त्याच हल्लेखोराने लक्ष्य केलेल्या आयर्लंडच्या आरोग्य खात्याने आणि एका रुग्णालयाने सूचनांवर वेळीच कृती केली आणि तेथे रॅन्समवेअरला रोखता आले.

खात्री कशी केली, हा रकाना सर्वाधिक वेळा कोरा राहतो. पासवर्ड बदलले हे पाऊल घेऊ. विंडोजच्या डोमेनमध्ये `krbtgt` नावाचे एक अंतर्गत खाते असते आणि त्याच्या गुप्त किल्लीने सर्वांची प्रवेश-तिकिटे प्रमाणित होतात. हल्लेखोराने ती किल्ली मिळवली असेल तर तो इतर कोणाचाही पासवर्ड न वापरता खोटी तिकिटे तयार करू शकतो. हे खाते आधीचा एक पासवर्डही लक्षात ठेवते, म्हणून तो मधे पुरेसा अवधी सोडून दोनदा बदलावा लागतो. अहवालात ‘सर्व पासवर्ड बदलले’ असे असेल आणि या खात्याचा उल्लेख नसेल, तर जाणकार वाचक तेथेच थांबतो. व्यवस्थापनासाठी तांत्रिक तपशील देण्याची गरज नाही. ‘डोमेनची मुख्य किल्ली दोनदा बदलली, दुसरा बदल अमुक तारखेस, त्यानंतर जुन्या तिकिटाने प्रवेशाचा प्रयत्न आढळलेला नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे.

आयर्लंडच्या सरकारने पैसे देण्यास नकार दिलेला होता, तरीही २० मे रोजी हल्लेखोरांनी खंडणी न घेताच कुलूप उघडण्याची किल्ली दिली. ही घटना पावलांच्या तक्त्यात घालण्याचा मोह होईल, परंतु ती संस्थेची कृती नव्हती आणि तिच्यामुळे हल्लेखोराचा आतील वावरही थांबत नव्हता. तिची जागा पूर्ववत करण्याच्या भागात, तीही स्वतंत्र टिपणासह आहे. बॅकअप ऑफलाइन टेपवर केवळ अधूनमधून घेतले जात असल्यामुळे ही किल्ली मिळाली नसती तर किती माहिती कायमची गेली असती हे सांगता येत नाही, असे चौकशीत म्हटले आहे. किल्ली हाती असूनही काम २१ सप्टेंबर २०२१ पर्यंत चालले. तेव्हा सर्व सर्व्हर उघडलेले होते आणि १,०८७ पैकी १,०७५ अनुप्रयोग सुरू झालेले होते. मे महिन्यातील अहवालात ‘किल्ली मिळाली, लवकरच पूर्ववत’ असे वाक्य गेले असते, तर पुढचे चार महिने प्रत्येक बैठकीत त्याचेच स्पष्टीकरण द्यावे लागले असते. त्या ठिकाणी लिहिण्याजोगा मजकूर असा :

‘उघडण्याचे साधन मिळाले असून ते सुरक्षित आहे का आणि फायली अखंड उघडतात का याची चाचणी वेगळ्या ठेवलेल्या संगणकांवर चालू आहे. चाचणी पूर्ण होईपर्यंत पूर्ववत होण्याची तारीख देता येणार नाही. आरोग्य जाळे इंटरनेटला पुन्हा जोडण्यासाठी कोणत्या यंत्रणा तपासून पूर्ण झालेल्या असाव्यात, याचा निर्णय संचालक मंडळाकडून अपेक्षित आहे. तपासणी न झालेल्या यंत्रणांची यादी सोबत जोडली आहे.’